उन्हासाठी काळा, उष्णतेसाठी चकचकीत

गच्चीवरच्या सपाट सोलर हीटरची काच काढली आणि आतल्या, जरा फिकट पडलेल्या पत्र्याला काळा ऑइलपेंट मारला, तर पाणी जास्त तापेल की कमी? मोह अगदी स्वाभाविक आहे. काळी वस्तू ऊन खाते हे आपण लहानपणापासून जाणतो, तेव्हा पत्रा जितका काळाकुट्ट तितकं बरं, असं कुणीही म्हणेल. रंग मारल्यावर पत्रा खरोखरच थोडं जास्त ऊन शोषूही लागतो. तरीसुद्धा पाणी पहिल्यापेक्षा कमी तापतं. पाणी जितकं गरम हवं असेल, तितकं हे नुकसान मोठं. याचं कारण समजून घ्यायचं तर त्या पत्र्याचे दोन आकडे काढावे लागतात: ऊन किती शोषतो तो एक, आणि स्वतः तापल्यावर किती उष्णता फेकतो तो दुसरा. शास्त्रात पहिल्याला शोषकता म्हणतात, दुसऱ्याला उत्सर्जकता. दोन्ही शून्य ते एकच्या दरम्यान असतात, आणि दोन्ही एकाच पृष्ठभागाच्या असूनही त्यांच्यात दहा-बारा पटींचा फरक पडू शकतो.

हे शक्य होतं कारण पत्र्यावर येणारं प्रारण आणि पत्र्यावरून जाणारं प्रारण या फार वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५८०० केल्विन तापमानाचा. इतक्या तप्त वस्तूची ऊर्जा आखूड लहरींतून येते. तिचा सर्वाधिक जोर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या हिरव्या उजेडापाशी असतो. हीटरचा पत्रा तापून तापून ८० अंश सेल्सिअसला गेला, तर तो होतो ३५३ केल्विन. तोही प्रारण फेकतोच, पण त्याचा जोर ८ मायक्रॉनच्या आसपास असतो. ही अवरक्त उष्णता डोळ्याला दिसत नाही, हात जवळ नेला की जाणवते. सूर्याची बहुतेक सगळी ऊर्जा ३ मायक्रॉनच्या अलीकडे संपते आणि पत्र्याची जवळजवळ सगळी ऊर्जा ३ मायक्रॉनच्या पलीकडे सुरू होते. दोन प्रवाह एकाच जागेवरून वाहतात, पण एकमेकांत जवळपास मिसळत नाहीत.

मग पृष्ठभागच असा केला तर, की जो ३ मायक्रॉनच्या अलीकडे काळा आणि पलीकडे चकचकीत धातूसारखा वागेल? चांगल्या सोलर हीटरमधला पत्रा नेमका असाच असतो. या धंद्यात त्याला ‘सिलेक्टिव्ह कोटिंग’ म्हणतात. हिशेबासाठी आपण त्याचं सोपं रूप घेऊ. समजा, ३ मायक्रॉनपेक्षा आखूड लहरींपैकी हा पत्रा ०.९५, म्हणजे शंभरातला ९५ भाग शोषतो आणि त्याहून लांब लहरींपैकी फक्त ०.०८. खऱ्या कोटिंगचा आलेख असा काटकोनात कोसळत नाही, दीड-दोन मायक्रॉनपासून उतरत उतरत खाली येतो. पण दोनच पट्ट्यांच्या या नमुन्यात मूळ गोष्ट पूर्ण येते, आणि आकडेही खऱ्या पत्र्याच्या जवळपासचेच आहेत.

आता प्रश्न असा: या पत्र्याची एकूण शोषकता किती? ०.९५ आणि ०.०८ यांची सरळ सरासरी काढली तर अर्ध्याच्या आसपास काहीतरी येतं, आणि त्याला काही अर्थ नसतो. एखाद्या मुलाला गणितात ९५ आणि चित्रकलेत ८ गुण आहेत असं समजा. तो हुशार की ढ, हे त्याच्या गुणपत्रिकेवरून एकट्याने ठरत नाही. इंजिनिअरिंग कॉलेजने गणिताला ९८ टक्के वजन दिलं तर तो पहिल्या यादीत, चित्रकलेच्या शाळेने चित्रकलेला जवळपास सगळं वजन दिलं तर तो दाराबाहेर. पत्र्याचंही तसंच आहे. ऊन शोषताना वजन सूर्याच्या वर्णपटाने ठरतं, उष्णता फेकताना पत्र्याच्या स्वतःच्या तापमानाने.

हे वजन काढायला एक तयार तक्ता मिळतो. माक्स प्लांकने १९०० साली आदर्श काळ्या वस्तूच्या प्रारणाचं सूत्र मांडलं. त्यावरून असं दिसतं की ठराविक तरंगलांबीच्या अलीकडे ऊर्जेचा कितवा हिस्सा पडतो, हे तरंगलांबी आणि तापमान यांच्या गुणाकारावरच अवलंबून असतं. म्हणून तक्ता एकच पुरतो. सूर्यासाठी आणि पत्र्यासाठी वेगळा तक्ता लागत नाही, गुणाकार तेवढा वेगळा करायचा. उष्णता-वहनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या मागे हा तक्ता सापडतो.

आधी सूर्य. ३ मायक्रॉन गुणिले ५८०० म्हणजे १७,४००. तक्त्यात या आकड्यासमोर ०.९७९ येतात. म्हणजे सूर्याची ९७.९ टक्के ऊर्जा ३ मायक्रॉनच्या अलीकडे, उरलेली २.१ टक्के पलीकडे. आता दोन्ही पट्ट्यांचे गुण आपापल्या वजनाने गुणून बेरीज करायची:

सौर शोषकता = ०.९५ × ०.९७९ + ०.०८ × ०.०२१ = ०.९३

दुसरी संख्या नगण्य आहे. ती ०.०८ च्या ऐवजी ०.५० असती तरी उत्तरात फक्त एका शतांशाचा फरक पडला असता. सूर्याला त्या पट्ट्याशी घेणंदेणंच नाही.

आता पत्रा. ३ मायक्रॉन गुणिले ३५३ म्हणजे १०५९. तक्त्यात यासमोर ०.०००६ येतात. ८० अंशांचा पत्रा आपल्या प्रारणातला दहा हजारातला सहावा भाग ३ मायक्रॉनच्या अलीकडे फेकतो, बाकी सगळं पलीकडे. म्हणून:

उत्सर्जकता = ०.९५ × ०.०००६ + ०.०८ × ०.९९९४ = ०.०८

इथे पहिल्या संख्येचं काही चालत नाही. डोळ्याला दिसणारा, ०.९५ वाला काळा रंग उष्णता फेकण्याच्या कामात भागच घेत नाही.

या दुसऱ्या ओळीत एक गोष्ट मी न सांगता वापरली. पत्रा लांब लहरी ०.०८ शोषतो एवढंच आपल्याला माहीत होतं, आणि मी तोच आकडा फेकण्यासाठी घेतला. ही मुभा गुस्टाव किरचॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दिलेली आहे: जो पृष्ठभाग जी लहर जितकी शोषतो, तितकीच ती फेकतो. पण अट आहे, लहर तीच हवी. विद्यार्थी अडखळतात ते इथेच. पुस्तकात ‘शोषकता बरोबर उत्सर्जकता’ असं वाक्य वाचून ते सौर शोषकता ०.९३ आली की उत्सर्जकताही ०.९३ लिहून मोकळे होतात. एकाच तरंगलांबीसाठी ते वाक्य पक्कं खरं आहे. एकूण आकड्यांसाठी ते तेव्हाच खरं, जेव्हा येणारं प्रारण आणि जाणारं प्रारण सारख्याच वर्णपटाचं असतं, किंवा पृष्ठभाग सगळ्या लहरींना सारखंच वागवतो. काळा ऑइलपेंट या दुसऱ्या प्रकारात जवळजवळ बसतो. ऊन असो की उष्णता, त्याचा आकडा ०.९ च्या वरच. आपला पत्रा बसत नाही.

उलट दिशेची चूकही पाहण्यात येते. शोषकता काढताना पत्र्याचं तापमान वापरलं जातं, ‘शोषणारा तर पत्रा आहे ना’ म्हणून. पण पत्रा थंड आहे की गरम, याने येणाऱ्या उन्हाचा वर्णपट बदलत नाही. शोषकतेसाठी पाठवणाऱ्याचं तापमान धरायचं, उत्सर्जकतेसाठी स्वतःचं. उन्हाशिवाय पत्र्यावर आजूबाजूच्या वस्तूंकडून, म्हणजे वरच्या काचेकडूनही उष्णता येत असते. त्या वस्तू साधारण ३०० केल्विनच्या असल्यामुळे त्यांचं प्रारणही लांब लहरींचंच, आणि त्यासाठी पत्र्याची शोषकता पुन्हा ०.०८. एकाच पत्र्याची एकाच क्षणी दोन शोषकता! उन्हासाठी एक, काचेकडून येणाऱ्या उष्णतेसाठी दुसरी.

आता ऑइलपेंटचा हिशेब. काचेतून आत येऊन पत्र्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर ८०० वॅट ऊन पडतंय असं धरू, आणि आजूबाजूचं तापमान २७ अंश. सिलेक्टिव्ह पत्रा ८०० पैकी ७४५ वॅट शोषतो. ऑइलपेंट मारलेला पत्रा ०.९५ च्या हिशेबाने ७६०. इथपर्यंत रंगारी जिंकला, १५ वॅटने.

फेकण्याचं काय? ८० अंशांची आदर्श काळी वस्तू चौरस मीटरमागे ८८० वॅट फेकते, आणि २७ अंशांचं भोवताल तिला ४५९ वॅट परत देतं. निव्वळ गळती ४२१. ऑइलपेंटच्या पत्र्याची गळती याच्या ०.९५, म्हणजे ४०० वॅट. सिलेक्टिव्ह पत्र्याची ०.०८, म्हणजे ३४ वॅट. तेव्हा ऑइलपेंटच्या पत्र्याकडे पाण्याला द्यायला उरतात ३६० वॅट, सिलेक्टिव्ह पत्र्याकडे ७११. जवळपास दुप्पट. पत्रा आणि काच यांच्यामधल्या हवेतून होणारी गळती दोन्हीकडे सारखीच वजा होईल, ती मी इथे धरलेली नाही. धरली तर रंग मारलेल्या पत्र्याची अवस्था आणखी बिकट दिसते, कारण त्याच्या शिलकीतून ती मोठा वाटा खाते.

हाच हिशेब ५० अंशांना करून पाहिला की कळतं, अशी चूक बराच काळ लक्षात का येत नाही. त्या तापमानाला निव्वळ गळती १५८ वॅट. सिलेक्टिव्ह पत्र्याकडे उरतात ७३२ वॅट, ऑइलपेंटच्या पत्र्याकडे ६१०. फरक आहे, पण डोळ्यांत भरण्याएवढा नाही. उन्हाळ्यात अंघोळीला कोमट पाणी लागतं तेव्हा घरातलं कुणी तक्रार करत नाही. डिसेंबरात कडक पाणी हवं असतं, तेव्हा मात्र ‘यंदा सोलर नीट चालत नाही’ असं ऐकू येतं, आणि दोष ढगांवर किंवा टाकीवर जातो.

असा पृष्ठभाग बनवतात कसा, हा स्वतंत्र आणि मोठा मजेदार विषय आहे. १९५५ साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन इथे सौरऊर्जेवर परिषद भरली होती. तिथे इस्रायलमध्ये काम करणारे, मूळचे इंग्लंडचे हॅरी त्स्वी टेबॉर यांनी निवडक शोषणाच्या पृष्ठभागांवरचं काम मांडलं. त्याच परिषदेत गिअर आणि डंकल या अमेरिकन जोडीनेही याच दिशेचं काम सादर केलं. टेबॉर यांची युक्ती अशी: तळाला चकचकीत धातू घ्यायचा आणि त्यावर काळ्या निकेलचा अतिशय पातळ थर चढवायचा. त्या थरात आखूड लहरी अडकतात. लांब लहरींना तो थर इतका पातळ असतो की त्या जणू त्याच्या आरपार जातात आणि खालच्या चकचकीत धातूपर्यंत पोचतात. चकचकीत धातू उष्णता शोषतही नाही आणि फेकतही नाही. डोळ्याला दिसतो वरचा काळा थर, उष्णतेला दिसतो खालचा आरसा. पुढे इस्रायलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर हीटर सक्तीचा करणारा कायदा केला. त्याच्या कितीतरी आधीपासून हे पत्रे तिथल्या छपरांवर पोचलेले होते.

काळ्या निकेलच्या जागी पुढे तांब्याच्या पत्र्यावर निकेल आणि त्यावर काळं क्रोम चढवण्याची पद्धत रुळली. अलीकडच्या काचेच्या नळ्यांच्या हीटरमध्ये हेच काम निर्वातात धातू आणि नायट्राइडचे थर फवारून करतात. पद्धत कोणतीही असो, जाडीचा तोल सांभाळावा लागतो. हा काळा थर मायक्रॉनच्या काही दशांशाएवढाच असतो. तो कमी पडला तर ऊन निसटतं आणि शोषकता घटते. जास्त झाला तर लांब लहरींनाही तो जाणवू लागतो आणि उत्सर्जकता वर चढते. ब्रशने मारलेला ऑइलपेंट काही दहा मायक्रॉन जाडीचा असतो. आठ मायक्रॉनच्या लहरीला त्यातून खालचा धातू दिसणं शक्यच नाही. पत्र्यावर साचलेली धूळ आणि ओलीने धरलेला गंजही थोड्याफार प्रमाणात हेच करतात. अशा वेळी पत्रा काळाच दिसतो, शोषकता फार घसरत नाही, आणि बिघाड उत्सर्जकतेत लपून राहतो.

सीमारेषा ३ मायक्रॉनवरच का धरली, हे विचारणं रास्त आहे. ती १.२ मायक्रॉनवर आणली तर सूर्याची फक्त ८० टक्के ऊर्जा अलीकडे पडते. उरलेली वीस टक्के चकचकीत बाजूला जाऊन परत फिरते. उलट ती ८ मायक्रॉनवर नेली तर ऊन एकही सुटत नाही, पण ८० अंशांच्या पत्र्याच्या प्रारणाचा २३ टक्के हिस्सा काळ्या पट्ट्यात शिरतो आणि उत्सर्जकता ०.०८ वरून ०.२८ वर जाते. दोन ते चार मायक्रॉनच्या मधे कुठेही रेष असली तरी अंघोळीच्या पाण्यासाठी फारसं बिघडत नाही. निसर्गाने इथे बरीच सैल जागा ठेवली आहे. शिवाय आपल्या गच्चीवर पोचणारं ऊन ५८०० केल्विनच्या काळ्या वस्तूचं तंतोतंत नसतं. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यातल्या अवरक्त भागाचे लचके तोडतात, आणि अडीच मायक्रॉनपलीकडे फारच थोडं शिल्लक राहतं. म्हणून प्रयोगशाळेत सौर शोषकता मोजताना ०.३ ते २.५ मायक्रॉनपर्यंतच मोजतात आणि वजनासाठी जमिनीवरच्या उन्हाचा ठरवून दिलेला प्रमाण वर्णपट घेतात. काळ्या वस्तूच्या तक्त्याने काढलेलं उत्तर त्याच्या अगदी जवळ येतं, पण ते अंदाजाचंच असतं.

पत्रा जास्त तापू लागला की मात्र ही सैल जागा आवळत जाते. आपला ०.९३ आणि ०.०८ वाला पत्रा निर्वातात ठेवला, मागून उष्णता जाणार नाही अशी व्यवस्था केली, पाणी काढून घेतलं आणि तेच ८०० वॅट ऊन पडू दिलं, तर तो किती तापेल? शोषलेले ७४५ वॅट फक्त प्रारणानेच बाहेर जाऊ शकतात. उत्सर्जकता ०.०८ धरून समीकरण सोडवलं तर उत्तर येतं ६४३ केल्विन, म्हणजे ३७० अंश सेल्सिअस.

हे उत्तर चूक आहे, आणि कुठे चुकलं ते पाहण्यासारखं आहे. ०.०८ हा आकडा ८० अंशांच्या पत्र्यासाठी काढला होता. ६४३ केल्विनला ३ मायक्रॉनचा गुणाकार १०५९ राहत नाही, १९२९ होतो, आणि तक्त्यात त्यासमोर ०.०५६ येतात. म्हणजे पत्र्याच्या प्रारणाचा साडेपाच टक्क्यांहून जास्त भाग आता काळ्या पट्ट्यातून निघतोय, आणि उत्सर्जकता ०.१३ झाली आहे. पण ०.१३ धरली तर पत्रा इतका तापणारच नाही. तेव्हा खालचं तापमान घ्यायचं, त्यासाठी उत्सर्जकता पुन्हा काढायची, तापमान पुन्हा काढायचं. चार-पाच फेऱ्यांत उत्तर स्थिरावतं: सुमारे ५९२ केल्विन, ३२० अंशांच्या आसपास, उत्सर्जकता ०.११. पहिल्या उत्तराहून ५० अंशांनी कमी. उत्सर्जकता हा पत्र्यावर कोरलेला कायमचा आकडा नाही. पट्ट्यांचे गुण तेच राहिले तरी तापमानाबरोबर वजन बदलतं आणि आकडा सरकतो. म्हणून आरशांनी ऊन एकवटून वाफ करणाऱ्या सौर संयंत्रांमध्ये सीमारेष आखूड लहरींकडे, दोन मायक्रॉनच्या आसपास ओढावी लागते. तिथे थोडं ऊन सोडून द्यायची किंमत परवडते.

३२० अंश हा आदर्श पत्र्याचा आकडा झाला. गच्चीवरच्या नळ्यांच्या हीटरमध्ये दुहेरी काचेची नळी असते, मधे निर्वात असतो आणि कोटिंग आतल्या नळीच्या बाहेरच्या अंगाला असतं. निर्वातामुळे हवेतून होणारी गळती थांबते, आणि उष्णता जायची मुख्य वाट प्रारणाचीच उरते. नळी ऊन एका बाजूने घेते आणि उष्णता सगळ्या बाजूंनी फेकते, म्हणून ती ३२० ला जात नाही. तरी कोरडी, भर उन्हात पडलेली नळी २०० अंशांच्या आसपास पोचू शकते. टाकी रिकामी राहिली आणि दुपारी पाणी आल्यावर कुणी व्हॉल्व्ह उघडला, तर गार पाणी त्या काचेवर पडतं आणि नळी तडकते. नळ्या सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर भराव्यात असं बसवणारे सांगतात ते यासाठी. उत्सर्जकता ०.०८ ऐवजी ०.९ असती, तर ही नळी इतकी तापलीच नसती आणि कदाचित तडकलीही नसती. पण मग तिचा उपयोगही तितकाच कमी झाला असता.

हीच दोन आकड्यांची जोडी आपल्या छपरांवर नकळत काम करत असते, आणि तिथे ती नकोशी असते. नवा, गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पत्रा उन्हात चमकतो, म्हणून तो ऊन परतवत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्याची सौर शोषकता साधारण ०.६५ आणि उत्सर्जकता ०.१३ च्या आसपास असते. ८०० वॅट उन्हातले ५२० तो घेतो, आणि ६० अंशांना पोचला तरी वर फेकतो फक्त ९० वॅट. बाकी उष्णता वाऱ्याने नेली तर नेली, नाहीतर खालच्या खोलीत. पांढऱ्या रंगाचं बरोबर उलट. चांगला पांढरा रंग ऊन फक्त ०.१४ ते ०.२० शोषतो, पण लांब लहरींना तो जवळपास काळाच असतो आणि त्याची उत्सर्जकता ०.९ च्या वर जाते. अवरक्त डोळ्यांनी पाहिलं तर पांढरं छप्पर काळं दिसेल आणि सोलरचा काळा पत्रा आरशासारखा.

हे प्रत्यक्ष पाहायला फार काही लागत नाही. बाजारात मिळणारी अवरक्त थर्मामीटरची ‘गन’ पुरते. बहुतेक साध्या गन उत्सर्जकता ०.९५ धरून चालतात. चांगल्या कोटिंगचा पत्रा ८० अंशांवर असताना त्यावर गन रोखली तर ती तेहतीस-चौतीस अंशच दाखवेल. पत्रा स्वतःची उष्णता फारशी फेकतच नाही, आणि गनला दिसतं ते भोवतालचं प्रतिबिंब. पत्र्याच्या कोपऱ्यात काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा लहानसा तुकडा चिकटवायचा, तो पत्र्याइतका तापू द्यायचा आणि गन त्यावर रोखायची. आता आकडा ८० च्या जवळ येईल. दोन आकड्यांमधली दरी मोठी असेल तर कोटिंग शाबूत आहे. दरी कमी होत गेली असेल तर पत्र्यावर धूळ, गंज किंवा कुणीतरी हौसेने मारलेला रंग आहे. मोजताना काच मात्र काढलेली हवी, कारण ८ मायक्रॉनची लहर साध्या काचेतून बाहेर येत नाही, आणि काच तशीच ठेवली तर गन काचेचंच तापमान सांगेल.